कोंडाबाईचा अंगठा

सिल्वासाच्या आमच्या बँकेत मला सगळे खडूस म्हणत, आणि मी होतेच. गिऱ्हाईक ओळखीचं असो की नसो, कागद पुरा नसला की मी परत पाठवायची. कोंडाबाईलाही तसंच पाठवलं होतं. राखोलीच्या दोरा कारखान्यात काम करणारी ही खानदेशी बाई चेकबुक मागायला आली, तेव्हा सगळ्यांदेखत मी म्हणाले, "अंगठेवाल्यांना चेकबुक मिळत नाही." मान खाली घालून ती गेली.

अठ्ठ्याण्णव साली तिचा नवरा झुंबर काविळीने गेला. पगारातून हप्ता कापला जायचा असा त्याचा विमा होता आणि वारस म्हणून कोंडाबाईचं नाव होतं. महिन्याभराने ती दीर वाल्मिकला घेऊन माझ्या काउंटरवर आली. विमा कार्यालयाचं पत्र दिराच्याच हातात होतं. खात्याचा पुरावा म्हणून रद्द केलेला चेक जोडा, असं त्यात लिहिलेलं.

"वहिनींकडे चेकबुक नही, मॅडम," वाल्मिक म्हणाला. "मी मना चेक लावला. तुम्ही खाली शिक्का मारी द्या."

चेकवर दोन तिरप्या रेघा, मधे 'रद्द' आणि खाली झोकदार सही. रद्द चेकवर सही लागत नाही, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. पण खरी गोम नावात होती.

"विम्याचा चेक निघणार कोंडाबाईच्या नावाने आणि त्यावर खाते नंबर पडणार तुमचा," मी म्हणाले. "नावनंबर जुळत नाही म्हणून कागद परत येतील. नाही आले, तर पैसे भलत्याच खात्यात जातील."

"भलत्या कशा? घरचंच खातं शे. गावाकडे विहीर खोदू, वहिनी बी गावी येतील."

कोंडाबाई नुसतं पदराचं टोक पिळत राहिली. तिची मंजुषा इथल्या शाळेत नववीत होती, मसाटला त्यांची भाड्याची खोली होती. पैसे विहिरीत गेले की पोरीची शाळा सुटणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"चेक नसला तरी अडत नाही," मी म्हणाले. "कोंडाबाई, पासबुक काढा."

फोटो लावलेल्या पहिल्या पानाची झेरॉक्स काढून आणवली. बँकेच्या लेटरहेडवर दाखला टाइप केला: खातं कोंडाबाईचं एकटीचं आहे, नंबर अमुक, खातं अंगठ्यावर चालतं म्हणून चेकबुक दिलेलं नाही. दोन्हींवर मॅनेजरसाहेबांची सही आणि गोल शिक्का घेतला. पत्रासोबत आलेल्या विम्याच्या पावतीवर कोंडाबाईने साहेबांसमोर डावा अंगठा उठवला आणि त्यांनी तो साक्षांकित केला. वाल्मिकचा चेक मी त्याच्याच हाताने फाडायला लावला. मग कागद पुन्हा तपासून रजिस्टर पोस्टाने रवाना केले. असल्या कामात माझा हात धरणारं त्या शाखेत कुणी नव्हतं.

सव्वा महिन्याने विम्याचा चेक आला. नाव कोंडाबाईचं, नावापुढे बँक आणि खाते नंबर, एक आकडा इकडचा तिकडे नाही. चार दिवसांत रक्कम खात्यावर जमा झाली.

पाचव्या दिवशी वाल्मिक एकटाच आला. पैसे काढायची स्लिप त्याने सरकवली. आकडा जवळजवळ सगळ्या रकमेचा, खाली जांभळा अंगठा आधीच उठवलेला.

माझं डोकंच फिरलं. "अंगठेवाल्या खातेदाराने स्वतः यायचं. अंगठा आमच्यासमोर उठला पाहिजे."

"वहिनींना ताप भरलाय."

"मग मी साहेबांना घेऊन दुपारी खोलीवर येते. आजारी माणसासाठी तीही सोय आहे."

तो घुटमळला. "नको, मॅडम. मी उद्या त्यांनाच आणतो." स्लिप उचलून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कोंडाबाई आली, तीही एकटीच. ताप बीप काही नव्हता. मी तिच्यावर तोंडसुख घ्यायला टपलेच होते. "अहो, कोऱ्या कागदावर कुणीही सांगेल तिथे अंगठा देता? एवढी मेहनत काय कुणी लुटावं म्हणून केली मी?"

"आकडा त्याने मना डोळ्यासमोरच लिहिला, मॅडम. मीच दिला अंगठा."

"का पण?"

"घरात 'नही' म्हनायले मनी जीभ उचलत नही. सासू शे, जाऊ शे, उद्या पोरीचं लगीन त्यास्नाच हातून." तिने वर पाहिलं, सरळ माझ्या डोळ्यांत. "तुम्ही नही म्हनशात, हे माले म्हाईत व्हतं."

इतकी वर्षं ज्या खडूसपणाबद्दल लोकांची बोलणी खाल्ली, त्याच्या भरवशावर या बाईने पोरीची शाळा ठेवली होती.

"चेकबुक हवं असेल तर सही शिकवते मी," मी म्हणाले. "आठ दिवसांत येईल."

"नको, ताई. सही कोनी बी करी लई. अंगठ्यासाठी माले इथं यावंच लागस. आता गावी जाऊन कसं चालेल?"

मंजुषाच्या फीपुरती स्लिप मी भरली आणि शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवला.