दवंडीतलं 'नाही'

आधीच सांगते, मला राग लवकर येतो. आमचे पाळक म्हणायचे, दीना, जिभेला लगाम घाल. लगाम घातला होता एकदा, तीन दिवस. त्या तीन दिवसांची ही हकीकत आहे.

त्रेचाळीस सालचा मे महिना. मी मिशनच्या दवाखान्यात नर्स. पुणतांब्याच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठी एका गावात पटकी, म्हणजे कॉलरा, लागली आणि लोकल बोर्डानं माणूस मागितलं, म्हणून मला पाठवलं. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. मी पोचले तेव्हा चार दिवसांत सहा मयतं झाली होती. टोचायची लस नगरहून निघालीय असं कळलं होतं, पण लढाईचे दिवस, ती कुठं अडकली देवाला ठाऊक. हातात होत्या त्या विहिरीत टाकायच्या लाल औषधाच्या पुड्या. परमँगनेट म्हणतात त्याला.

आता गंमत ऐका. माझा आजा महार, बापानं बाप्तिस्मा घेतला, बाप मास्तर झाला, मी नर्स झाले. पण गावच्या विहिरीला माझा स्पर्श चालायचा नाही. मग औषध टाकायचं कसं? मी दहा पावलांवर उभी राहायची आणि कोरडी पुडी दगडावर ठेवायची. सहादेव नावाचा एक शेतकरी पुडी उचलायचा, आपल्या बादलीत कालवायचा आणि विहिरीत ओतायचा. मी लांबून ओरडायचे, अजून एक बादली, अजून एक, पाणी गुलाबी टिकत नाही अजून. अर्ध्या तासानं काढून बघितलेलं पाणी गुलाबी राहिलं की पुरे. हे दिवे लागायच्या आधी करायचं, म्हणजे सकाळपर्यंत रंग उतरतो आणि पाणी पिता येतं.

सहादेवाची आई गोजरबाई. गावात तिचा शब्द चालायचा. बायका तिच्याकडे बघून पाऊल टाकायच्या. तिला मी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं, की पाणी लाल होईल, भिऊ नका, उद्या जरा चव लागेल, पण पोटाला बाधणार नाही. नदीचं मात्र तोंडाला लावू नका, वरच्या अंगाला मयताच्या गोधड्या धुतल्यात. तिनं ऐकून घेतलं. सकाळी विहिरीवर आली, पाणी निवळलेलं बघितलं, सुनेला, सहादेवाच्या बायकोला म्हणाली, भर गं मनकर्णा. ती भरली म्हटल्यावर सगळ्या भरायला लागल्या. दोन दिवस नवीन आजारी कोणी नाही. मला वाटलं, जमलं.

तिसऱ्या दिवशी बाजारातून कुणीतरी शहाणा एक गोष्ट घेऊन आला. ख्रिस्ती नर्सनं विहिरीत बाटवायचं औषध टाकलंय, महिन्याभरात सगळा गाव येशूचा. अरे, पण मला विहिरीवर चढू तरी देता का? ज्या विहिरीला माझी सावली चालत नाही तिच्यात मी काय टाकणार होते, कपाळ? पण अफवेला अक्कल लागत नाही. तरी ती पसरली होती पाच-सहा घरांत, जास्त नाही. मी सहादेवाला घेऊन त्या घरांत जायचं ठरवलं. त्यानं सांगायचं, "पुडी मी उचलली, बादली माझी, ओतली मी." मी बाहेर ओट्याखाली उभी राहून विचाराल त्याचं उत्तर देईन. एवढंच करायचं होतं. सहा घरं, एक सकाळ.

आणि नेमके साहेब आले. आरोग्य खात्याचे. सायकलवरून, डोक्यावर टोपी, खिशात फौंटन पेन. आबासाहेब पाटलांच्या ओसरीवर बसून त्यांनी अफवा ऐकली आणि त्यांचं टाळकं सरकलं. कागद काढला आणि लिहिलं, गावच्या विहिरीत कोणत्याही प्रकारचे बाटवण्याचे औषध टाकण्यात आलेले नाही. याची दवंडी आजच पिटा म्हणाले.

मी म्हटलं, साहेब, हे पाच-सहा घरांतच आहे. दवंडीनं दोनशे घरांत जाईल. ज्यांनी ऐकलं नाही तेही ऐकतील. अफवेचं नाव घेऊ नका. पाणी कसं प्यायचं तेवढं सांगा, बाकीचं मी घरोघर सांगते.

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही ख्रिस्ती. तुम्ही या विषयात तोंड उघडलंत तर संशय वाढेल. घरोघर फिरू नका. गप्प राहा. हा हुकूम समजा."

मी गप्प राहिले. नोकरी होती ना. बापानं मास्तरकीच्या पगारात शिकवलं होतं, आणि बोर्डाच्या साहेबाची एक चिठ्ठी मिशनला गेली असती तर संपलं होतं. पाटलांनीही मान डोलावली. पाटलांची मान साहेबापुढं नेहमीच डोलते.

दवंडी पिटायला बन्सी वेसकर. चांगला माणूस, त्याचा काही दोष नाही. पण त्याची जन्माची सवय ऐका. त्याच्या सगळ्या दवंड्या 'आहे' वर संपायच्या. उद्या शेतसारा भरायचा आहे. पाटलाच्या घरी लगीन आहे. तो 'आहे' ऐकला काय, न ऐकला काय, सारखंच. म्हणून शेवटच्या शब्दावर त्याचा हात हलगीवर पडायचाच. वीस वर्षं पडत आला होता. आणि आपल्या मराठीत 'नाही' कुठं येतं? अगदी शेवटी. बन्सी गल्लीगल्लीत ओरडत गेला, ऐका हो, गावच्या विहिरीत बाटवन्याचं औषद टाकन्यात आल्यालं, आणि धडाम. 'नाही' हलगीच्या पोटात.

मी पाटलांच्या ओसरीखालून ऐकलं. पळत जाऊन बन्सीचा हात धरावा, असं पायांना वाटत होतं. पण हुकूम डोक्यात बसला होता. साहेब चहा पीत होते. मी त्यांना म्हटलं, शेवटचा शब्द ऐकू येत नाही. ते म्हणाले, ज्यांना ऐकायचं त्यांना येतो. दुसऱ्या गल्लीत धडाम, तिसऱ्या गल्लीत धडाम.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर चिटपाखरू नाही. सगळ्या घागरी नदीकडे. सरकारनंच सांगितलं म्हटल्यावर विचारायचं कुणाला? परवापर्यंत ती अफवा कुणा भुरट्याची गप होती, आता तिला पाटलाचा शिक्का होता. गोजरबाई सगळ्यांच्या पुढं. सहादेव तिला म्हणाला, आई, मीच तर ओतलं. ती म्हणाली, तुला तरी काय ठावं रं पुडीत काय हुतं. मुलाचंही तिला पटेना. मी तिच्या घराच्या वळणापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परत फिरले. लाज वाटते सांगायला.

दोन दिवसांनी मनकर्णाला उलट्या-जुलाब सुरू झाले. भाताच्या पेजेसारखं पांढरं पाणी. मला बोलवायला सहादेव आला तेव्हा दुपार होती, तिचे डोळे खोल गेले होते आणि पिंडऱ्यांत वांब, गोळे येत होते. मिठाची पेज चमच्याचमच्यानं पाजली. पोटात ठरेना. शिरेतून मिठाचं पाणी चढवायला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं, म्हणून सहादेवानं बैलगाडी जुंपली. नाडी लागेनाशी झाली ती गाडी वेशीपाशी असतानाच. एकवीस वर्षांची पोर. दीड वर्षाचं लेकरू घरात.

त्याच दिवशी गावात आणखी तिघं पडले. साहेब तालुक्याला निघून गेले होते, अहवाल लिहायला. आणि आता पाटील मला म्हणतात, बाई, काहीतरी करा.

काहीतरी करा! मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. मग म्हटलं, सगळ्यांना चावडीपुढं बोलवा, आणि बन्सीला मी सांगते ते शब्द द्या. मला शब्दाशब्दाला थांबावं लागलं. नदीचं पाणी पिऊ नका, असं तोंडात आलं, पण त्यातही 'नका' शेवटीच. ते खोडलं. शेवटी एवढंच राहिलं, विहिरीचंच पाणी प्या. वाटेल तिथं हलगी मार म्हटलं बन्सीला.

चावडीपुढं गाव जमला. सहादेव उभा राहिला, ज्या बादलीनं ओतलं ती बादली घेऊन. मग मी बोलले. मी म्हटलं, "दवंडीत चूक झाली. ती होताना मी ऐकली आणि गप्प बसले. नोकरीला भ्याले. मी तेव्हाच तुमच्या दारात आले असते तर नदीचं पाणी तुमच्या घरात गेलं नसतं." मग पुढचं सांगितलं, जे सांगितल्याबद्दल साहेबांनी मला फासावर दिलं असतं. ज्यांनी नदीचं पाणी आधीच पोटात घातलंय, त्यांच्यातले काही जण येत्या चार-पाच दिवसांत अजून आजारी पडतील. विहिरीचं पाणी प्यायले तरी पडतील. ते विहिरीमुळं नव्हे. पहिल्या जुलाबालाच मला बोलवा, थांबू नका. आणि उद्यापासून औषध टाकताना ज्याला बघायचं त्यानं येऊन बघावं, पुडी फोडून बघावी.

कोणीतरी मागून विचारलं, मग अजून मरतील का. मी म्हटलं, हो, एखादं जाईल. खोटं कशाला सांगू.

गोजरबाई पुढं बसली होती. घरातून सुनेची तिरडी नुकतीच उठलेली. उठली, पदर खोचला, सहादेवाच्या हातातून बादली घेतली आणि विहिरीकडे चालू लागली. सगळा गाव तिच्या मागं. तिनं पाणी शेंदलं, ओंजळीनं प्यायली. बायका एकमेकींकडे बघत घागरी आणायला गेल्या.

त्या आठवड्यात आणखी चौघं पडले. एक म्हातारा गेला. पण चौघांच्याही घरून माणूस पहिल्या जुलाबाला धावत माझ्याकडे आला, नदीवर कुणी गेलं नाही. दहाव्या दिवशी लस आली. साहेबही आले. त्यांनी अहवालात लिहिलं होतं, दवंडीच्या योग्य उपयोगामुळे अफवेचे निराकरण झाले. मी तो कागद वाचला आणि त्यांच्यासमोर टेबलावर आपटला. मिशनला चिठ्ठी गेलीच. जाऊ दे.

निघायच्या दिवशी मी गोजरबाईच्या दारात गेले. ती मनकर्णाच्या लेकराला मांडीवर घेऊन विहिरीचं पाणी पाजत होती. मी म्हटलं, मावशी, येते. तिनं मान वर केली नाही.

म्हणाली, "खरं बोललीस म्हून पानी पिते. गावालाबी पाजते. पर तू वळनापतूर दोनदा येऊन माघारी गेलीस, ते सहादेवानं बघितलं हुतं. आता ह्या दारात येऊ नगंस."