झाकण घट्ट लावलेली बाटली

तीस मीटर.

पाण्याखाली, पुलाच्या खांबापाशी, पाणबुड्या धाकट्याच्या नळीतली हवा अडली. तो तडक वर आला.

शून्य.

नावेवर थोरला भाऊच मुकादम. त्याचा पहिला प्रश्न, "येताना श्वास सोडत आलास ना?"

"हो रे दादा. आज पहिल्यांदा उतरलोय का?"

"मग दुखतंय कुठे?"

"गुडघा. बाकी ठणठणीत."

गुडघ्याचं दुखणं ओळखीचं होतं. खोलवर रक्तात विरघळलेला नायट्रोजन दाब झटकन उतरला की सोड्यासारखा फसफसतो. औषध एकच, पुन्हा दाब.

अठरा मीटर.

पाणी नाही, धक्क्यावरची लोखंडी टाकी. आतली हवा दाबून अठरा मीटर खोलीइतकी केलेली. आत धाकटा आणि सिस्टर. बाहेर व्हॉल्व्हवर दादा. धाकट्याच्या तोंडावर मास्क, त्यात निव्वळ ऑक्सिजन. फुप्फुसात नायट्रोजनचा वाटाच उरला नाही, की रक्तातला बाहेर पडू लागतो.

मास्क काढायच्या सुट्टीत दादानं टाकीच्या दुहेरी दाराच्या छोट्या कप्प्यातून पाण्याची बाटली आत सरकवली. ती चेपून गेली.

"दादा, पाणी पाठवलंस की चोथा?" धाकटा हसला. झाकण उघडताच बाटली फुगून सरळ झाली. तो अर्धी प्यायला, झाकण घट्ट लावलं. "गुडघ्याचं दुखणं गेलं बघ. सगळंच गेलं."

'सगळंच' म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही.

बारा मीटर.

दादा व्हॉल्व्ह हळूहळू सोडत होता.

"धाप लागलीय त्याला," सिस्टर माइकवर म्हणाल्या.

"नाटकं. बाहेर यायची घाई झालीय."

"ओठ निळे पडलेत हो!"

दादा काचेला नाक लावून बघू लागला. धाकटा वाकडा बसलेला, हात उजव्या बरगड्यांवर. शेजारी बाटली. टम्म. तिच्यात कुणी काही भरलं नव्हतं. बाहेरचा दाब उतरला, तशी आत कोंडलेली हवा पसरली होती.

दादानं बाटलीकडे पाहिलं. मग छातीकडे.

"गाढवा! श्वास धरून आलास!"

धाकट्यानं मान डोलावली. वर येताना धरलेला श्वास पसरून फुप्फुस फाटलं होतं. तिथून निसटलेली हवा बरगड्यांच्या आत कोंडली होती. अठरावर ती आकसली, म्हणून तो हसत होता.

"सिस्टर, कान सांभाळा. परत खाली नेतोय."

अठरा, पुन्हा.

हवा आकसली, ओठांचा रंग परतला. छोट्या कप्प्यातून जाड सुई आत गेली. फोनवर डॉक्टर जागा सांगत होते, सिस्टर बोटांनी बरगड्या चाचपत होत्या. सुई टोचली.

फुस्स.

ती तशीच उघडी ठेवून दादानं त्याला वर आणलं, आधीपेक्षाही सावकाश.

शून्य.

स्ट्रेचरवर धाकटा पुटपुटला, "डॉक्टरांना गुडघाच सांग."

"छातीत सुई आहे तुझ्या."

"फुप्फुस म्हटलं की पाण्यात उतरणं कायमचं बंद. मग करू काय? धक्क्यावर दोऱ्या वळू?"

"वळ. मीही वळेन."

"तू कशाला वळशील? तुझं फुप्फुस धड आहे."

डॉक्टर आले, तसं दादानं सगळं सांगितलं, श्वास धरल्यापासून. धाकट्यानं तोंड फिरवलं. उशाशी बाटली होती, दगडासारखी टणक. त्यानं चाचपडत झाकण उघडलं.

फुस्स.

दोघांनीही ऐकलं.