तुमचे दहा, माझे चार

पूर्वी आम्ही सगळे एकाच लांब टेबलाभोवती बसायचो. कोण आलं नाही ते रिकाम्या खुर्चीवरून कळायचं, आणि का आलं नाही ते शेजारच्या खुर्चीकडून. आता यंत्रांच्या माहितीपुस्तिका तयार करणारी आमची टीम आपापल्या घरी बसते. कोण कुठे आहे, हे चॅटवर वाचलं तरच कळतं.

आमचा मॅनेजर वाचत नसे. कोणी काहीही लिहा, तो खाली अंगठ्याचं चित्र चिकटवायचा. म्हणून त्याच्या माघारी आम्ही त्याला अंगठेबहादर म्हणायचो.

गेल्या वर्षी आमच्यातली सर्वांत धाकटी, जिला आम्ही चिमणी म्हणायचो, आईच्या ऑपरेशनसाठी परदेशी बहिणीकडे गेली. तिथून काम करणार होती. आपल्या नव्या वेळा तिनं मॅनेजरला खाजगी चॅटवर कळवल्या. त्यानं अंगठा दिला आणि तिथल्या मध्यरात्री तिला मीटिंगला बोलावत राहिला. ती आली नाही, तर कंपनीच्या मालकीणबाईंना सांगितलं, "न सांगता गायब झालीय." तिला काढलं, खातंही त्याच दिवशी बंद केलं. मग ती दाखवणार काय? मी मालकीणबाईंशी बोलले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तो म्हणतो कळवलं नाही, ती म्हणते कळवलं. मी कुणाचं धरू?" तो डाग अजून तिच्या कपाळी आहे. नव्या ठिकाणी चौकशी झाली की हेच उत्तर जातं.

मी काही विसरत नाही. वयानं गुडघे गेले, स्मरणशक्ती नाही.

यंदा माझी लेक बाळंत झाली, तिच्याकडे जायचं ठरलं. मी सगळ्या टीमच्या चॅटवर, जिथे मालकीणबाईही असतात, लिहिलं:

"सोमवारपासून मी लेकीकडून काम करेन. माझं घड्याळ तुमच्यापेक्षा सहा तास मागे असेल. माझे सकाळचे नऊ म्हणजे तुमचे दुपारचे तीन. तीन ते सात आपण एकत्र असू, मीटिंग तेव्हाच ठेवा. तुमचे सकाळचे दहा म्हणजे माझे पहाटेचे चार; तेव्हा मी झोपलेली असेन. कळलं असेल तर शब्दात लिहा."

"कळलं काकू. बाळाला पापा," चित्रकारानं लिहिलं. "चारला उठवणार नाही, शप्पथ," टायपिस्ट म्हणाली. बाकीच्यांनीही लिहिलं. मॅनेजरनं अंगठा दिला.

पुढच्याच आठवड्यात त्यानं सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाबरोबर सकाळी दहाची मीटिंग लावली. आमंत्रण आलं तेव्हा मी कामावरच होते. मी नकार दाबला, कारणही लिहिलं. पूर्वी मी वर फोन करून आठवण करून दिली असती, नाहीतर गजर लावून उठले असते. त्या दिवशी बाळाला मांडीवर घेतलं आणि वेळेवर झोपले.

सकाळी चॅट उघडलं. मीटिंगमध्ये गिऱ्हाइकानं विचारलं होतं, पुस्तिकेतली एक सूचना का बदलली? पुस्तिका तपासली मी. मॅनेजरनं ती उघडलीही नव्हती. मालकीणबाईंसमोर त्याची बोबडी वळली. मग चॅटवर त्यानं लिहिलं, "काकूंनी वेळ बदलल्याचं कळवलंच नाही."

त्याखाली चित्रकारानं माझा संदेश पुन्हा टाकला होता, अंगठ्यासकट. टायपिस्टनं पुस्ती जोडली होती, "सर, हा अंगठा कुणाचा?"

मी चहा गाळत होते तेवढ्यात त्याचा फोन आला.

"काकू, माझी नोकरी जाईल. संदेश गोंधळात टाकणारा होता, एवढंच लिहा ना."

"चिमणीचा संदेशही गोंधळाचा होता का?"

"तो विषय वेगळा, काकू."

"वाचला होतात?"

"नव्हता. पण तिचं आता काय?"

"आता प्रश्न तिचाच आहे. आधी तुम्ही चॅटवर लिहा, की तिनंही कळवलं होतं आणि तुम्ही वाचलं नव्हतं. सगळ्यांसमोर."

"मग तुम्ही लिहाल?"

"आधी तुम्ही लिहा."

चहा निवायच्या आत त्यानं लिहिलं. दोनच ओळी, पण स्वच्छ. मालकीणबाईंनी लगेच विचारलं, "काकू, तुमचं काय म्हणणं?"

मी लिहिलं, "त्यांनी लिहिलंय ते खरं आहे. माझ्या बाबतीतही तेच झालं."

फोन पुन्हा वाजला. "तुम्ही शब्द दिला होतात, काकू."

"आठवून बघा. मी 'आधी तुम्ही लिहा' एवढंच म्हणाले. तुम्ही वाचत नाही ते माहीत होतं. ऐकतही नाही, हे आज कळलं."

मालकीणबाईंनी माझ्याकडे चिमणीचा नंबर मागितला. तो पाठवला आणि आधी तिला स्वतः फोन लावला. तिनं हे माझ्या तोंडून ऐकायला हवं होतं. मलाही ते सांगायचं होतं, चवीचवीनं.