बिनघोटाची रेघ

आमच्या घरात दारुडा एकच, हे सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकलं होतं. तो म्हणजे माझा धाकटा दीर. त्याला सगळे रॉकेट म्हणत. आठवडाभर तो टेम्पो चालवायचा आणि थेंबालाही शिवायचा नाही. शनिवारी मात्र दोस्तांबरोबर बसला की तासा-दोन तासांत इतकी रिचवायचा, की त्याला उचलून आणावं लागे. रविवारी डोकं धरून बसायचा आणि सासूबाईंचं लेक्चर ऐकायचा.

माझा नवरा म्हणजे मात्र गुणाचा पुतळा. तो बोर्ड रंगवतो. बाकीचे पेंटर हात टेकायला काठी घेतात, हा नुसत्या हाताने सरळ रेघ ओढायचा. म्हणून बाजारात त्याला ओळंबा म्हणत. सकाळी ब्रश धरण्याआधी रंगांच्या डब्यांमागच्या बाटलीतला एक घोट, दुपारी शिडी चढण्याआधी एक आणि संध्याकाळी बसून आरामात. कधी झोकांडी नाही की कधी शिवी नाही. "कामाचा माणूस आहे, लागतो थोडा आधार," असं सासूबाई कौतुकाने सांगायच्या. हे कौतुक माझ्या डोक्यात जायचं.

त्या रविवारी रॉकेट कपाळाला चार टाके घालून घरी आला. गटारात पडला होता. सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं आणि थोरला भाऊ न्यायाधीश होऊन खुर्चीत बसला.

"माझ्याकडे बघ," नवरा म्हणाला. "रोज घेतो, पण कधी कुणाला उचलावं लागलं का मला? मनावर ताबा लागतो. चल, आजपासून तूही बंद, मीही बंद. बघू कोण टिकतं."

सासूबाईंना आनंद मावेना. त्यांनी स्वतःच्या हाताने बाटली मोरीत ओतली. मीही मूर्खासारखी खूश झाले.

सोमवारी सकाळी रॉकेट शिट्टी वाजवत पोटभर जेवून कामावर गेला. आणि मनावर ताबा असलेला माणूस पलंगावर घामाने निथळत होता. चहाचा कप त्याला दोन हातांनीही धरवेना. पाणी प्यायला की उलटी. छाती धडधडत होती आणि दार वाजलं तरी तो दचकत होता.

"ताप भरलाय," सासूबाई म्हणाल्या.

त्याच्या कपाळाला हात लावला तर फारसा ताप नव्हता. मी चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"दवाखान्यात. विचारायला."

"चार लोकांत काय सांगणार?"

"जे आहे ते."

जवळच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. मी आधी दिराचंच गाऱ्हाणं मांडलं, कारण घरात तेच तोंडपाठ होतं. त्यांनी ऐकून घेतलं.

"एकाच बैठकीत एवढी पिणं धोक्याचंच आहे," त्या म्हणाल्या. "अपघात होतो, उलटी घशात अडकते, माणूस जातोसुद्धा. पण मधल्या दिवसांत त्याचं शरीर दारू मागत नाही. मिस्टर किती घेतात?"

मी सांगितलं. त्या पुढे सरकल्या. "सकाळी न घेता काम जमतं? पूर्वी जेवढ्यात भागायचं तेवढ्यात आता भागतं? कमी करायचा प्रयत्न केला होता का?"

सकाळी जमत नव्हतं, पूर्वीएवढ्यात भागत नव्हतं, आणि कमी करायचं दर महिन्याला ठरायचं. माझ्याच तोंडून हे ऐकताना मला धडकी भरली.

"पण बाई, लग्न झालं तेव्हाही ते रोज संध्याकाळी घ्यायचे. तेव्हा माझ्या माहेरी आठवडाभर राहिले, थेंब मिळाला नाही, तरी काही झालं नाही."

"तेव्हाही ते प्रमाणाबाहेरच पीत होते. रोजचं मिळून आठवड्याला बरंच व्हायचं. त्याने लिव्हर बिघडतं, बीपी वाढतं, पण तेव्हा शरीर दारूवाचून चालत होतं. आता चालत नाही. याला अवलंबून असणं म्हणतात. झोकांडी जात नाही, कारण शरीराला सवय झाली आहे. त्यांनी शेवटचा घोट कधी घेतला?"

"काल दुपारी. एकदम बंद केली."

त्या उभ्याच राहिल्या. "आत्ता घेऊन या. अशा माणसाने औषधाशिवाय एकदम सोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. दिराने नुसती थांबवली तर चालेल, यांनी नाही."

मी धावत घरी आले. नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"अहो, उठा. इस्पितळात जायचंय."

"दारू सोडली तर इस्पितळात? दारुड्यांच्या वॉर्डात?" त्याचे दात वाजत होते. "मी ओळंबा आहे! एक घोट दे, मग बघ रेघ!"

"घोटाशिवाय ओढून दाखवा."

सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "पोराने शब्द दिलाय. तो पाळू दे त्याला. गावभर बोंब नको."

"तुमचा मुलगा मेला तर गावाला काय सांगणार? शब्द पाळला म्हणून?" माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. गेला तर गेला. मी रॉकेटला फोन लावला. तो टेम्पो घेऊन आला, कपाळावरच्या पट्टीसकट.

"दादा, इतकी वर्षं तू मला उचललंस," तो म्हणाला. "आज माझी पाळी."

त्याने भावाला खरोखर उचललं. सासूबाई बाजूला झाल्या.

इस्पितळाच्या व्हरांड्यातच झटका आला. डोळे फिरले, अंग ताठ झालं, मग थडथडा उडायला लागलं. दोन नर्स धावल्या, त्याला कुशीवर वळवलं, तोंडात काही घालू दिलं नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी शिरेतून इंजेक्शन दिलं. काही क्षणांत अंग सैल पडलं. हे घरी झालं असतं, तर आम्ही त्याच्या तोंडात चमचा कोंबत बसलो असतो. मी भिंतीला टेकून हमसून रडले.

पुढे गोळ्या हळूहळू कमी केल्या, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, खूप बोलणं झालं. भेटायला येणाऱ्यांना सासूबाई "कावीळ" सांगू लागल्या की मी शेजारून "दारू" म्हणायची. रॉकेटलाही बाईंनी सोडलं नाही. तुझं वेगळं आहे, पण तेही बरं नाही, असं त्याला तोंडावर सुनावलं. त्याचे दोन शनिवार कोरडे गेले. तिसऱ्या शनिवारी पुन्हा दोस्तांबरोबर प्याला, मग पुन्हा बाईंसमोर बसला.

नवऱ्याने घरी आल्यावर पहिलं काम घेतलं ते त्याच वॉर्डाच्या बोर्डाचं. पैसे घेणार नाही म्हणाला. हात अजून कापत होता. त्याने दुसऱ्या एका पेंटरकडून मागून आणलेली काठी उचलली, हात टेकला आणि 'व्यसनमुक्ती विभाग' लिहायला घेतलं. येणारेजाणारे थांबून बघत होते. ओळखीचा एक दुकानदार हसला, "काय ओळंबा, काठी लागली?"

"लागली," नवरा म्हणाला. "दारूही लागली होती. इथेच पडून होतो."

माझ्याबरोबर डबा घेऊन आलेल्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. तो मागे वळलाही नाही. खालची लांब रेघ ओढताना ब्रश मध्येच थरथरला आणि रेघेला बाक आला. मी टर्पेंटाइनचं फडकं पुढे केलं.

"पुसू नकोस," तो म्हणाला. "सरळ होत्या त्या सगळ्या बाटलीच्या. ही माझी आहे."