भेटीचा उद्देश

खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या गळत होत्या. खोकी चिकट झाली, मुंग्यांना औषध फुकट मिळालं आणि दुकानदारांच्या शिव्या गुणवत्ता तपासनिसाच्या पदरात पडल्या.

"महिनाअखेर गळती थांबली नाही, तर तुम्ही गळालात," साहेब म्हणाले.

झाकणं दुसऱ्या एका कारखान्यातून यायची. तपासनिसाने तिथल्या मॅनेजरला ईमेल केला : 'झाकणातला दोष शोधायला कधी येऊ?' उत्तर नाही. पुन्हा केला. पुन्हा शुकशुकाट.

साहेबांनी वाचून कपाळाला हात लावला. "अहो, ही विनंती आहे की अटकेचं वॉरंट? उद्देश जरा गोड लिहा. किती वेळ थांबणार, सोबत काय आणणार, सगळं कळवा. नाहीतर गेटवरच ताटकळाल."

तपासनीस आज्ञाधारक. त्याने लिहिलं :

'उद्देश : आपली उत्पादनप्रक्रिया समजून घेणे. वेळ : येत्या मंगळवारी अकरा ते एक. येणार : मी एकटा. सोबत : ओळखपत्र, सेफ्टी शूज, झाकण उघडायला किती जोर लागतो ते मोजायचं यंत्र, आटे तपासायचं गेज आणि आपल्याकडून आलेली चाळीस गळकी झाकणं. परवानगी असल्यास कॅमेरा.'

दहा मिनिटांत उत्तर : 'सुस्वागतम! फक्त त्याच्या पुढच्या मंगळवारी या. कॅमेरा नको.'

तो गेला तेव्हा फरशीचा रंग बुटाला चिकटत होता.

"झाकणांचा साचा नवा दिसतोय," तो म्हणाला.

"छे हो, पुसलाय!" मॅनेजर म्हणाला आणि साचा ज्यातून आला होता त्या लाकडी पेटीवर चहाचा ट्रे ठेवला.

तपासनिसाने मशीनमधून पडलेली पन्नास झाकणं तपासली. एकातही खोट नाही. मग पिशवीतली चाळीस पुढे केली.

"ही आमची?" मॅनेजरने चष्मा लावला, काढला. "असतील बुवा. जुनी असतील."

बरोबर एकला तो बाहेर पडला. अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं : दोष आढळला नाही.

"म्हणजे हात हलवत परत आलात!" साहेब कडाडले.

त्यानंतर आलेली झाकणं काही गळेनात. तपासनिसाची खुर्ची वाचली, पण साहेबांनी त्याच्या वार्षिक शेऱ्यात लिहिलं : 'भेट निष्फळ. गळती आपोआप थांबली.'

पुढच्या वर्षी बाटल्या पुन्हा पाझरू लागल्या. तपासनिसाने जुनाच ईमेल उघडला. उद्देश तोच ठेवला, वेळ दोन तासांऐवजी दोन दिवस केला आणि 'सोबत'मध्ये एक भर घातली : साच्याची झीज मोजायचं यंत्र. असं यंत्र कंपनीकडे नव्हतं. त्याने ते फक्त एका माहितीपत्रकात पाहिलं होतं.

उत्तर पाच मिनिटांत : 'अवश्य या. पंधरा दिवस द्या.'

त्याने दिले. चौदाव्या दिवशी कळवलं : 'अपरिहार्य कारणास्तव भेट रद्द.'

महिन्याभरात खोकी कोरडी झाली. साहेब स्वतः त्याच्या टेबलापाशी आले. "शाबास! जागचे न हलता कसं जमवलंत हो?"

"मी कुठे काय केलं, साहेब," तपासनीस म्हणाला. "आपोआप थांबली."