पाटी लावायला जागा नाही

शाळेच्या नव्या प्रयोगशाळेसाठी देणग्या मागणारं पत्र लिहायचं काम बाईंच्याच गळ्यात पडणार, हे बैठकीआधीच ठरलेलं होतं. त्या शाळेच्या माजी विद्यार्थिनी, त्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, आणि वर अक्षर बरं, भाषा बरी. माजी विद्यार्थी संघाला असा माणूस आयता मिळाला की सोडतात होय! अध्यक्ष म्हणाले, "बाई, एक झकास पत्र टाका. वाचून माणसाचा हात आपोआप खिशात गेला पाहिजे."

बाईंनी होकार दिला तो मात्र स्वतःच्या कारणासाठी. जुन्या प्रयोगशाळेत त्यांच्या धाकट्या भावाचे डोळे गेले होते. परीक्षानळीत कॉस्टिक सोडा तापवत होता पोरगा, उसळला आणि सगळा तोंडावर आला. अशा वेळी डोळ्यांत लगोलग पाणी सोडायचं असतं, आणि भरपूर वेळ सोडत राहायचं असतं. पण पाणी होतं व्हरांड्याच्या टोकाला. त्याला तिथवर धरून नेईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं. आता तो एका दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होता. दिवसभर लोकांना या वॉर्डातून त्या वॉर्डात जोडून द्यायचा आणि संध्याकाळी बहिणीला फोन करून तिची टिंगल करायचा.

म्हणून नव्या प्रयोगशाळेत बाईंना एकच गोष्ट हवी होती. आयवॉश. म्हणजे दाराजवळ एक छोटं भांडं, त्यात वर तोंड केलेल्या दोन तोट्या. तळहाताने पट्टी ढकलली की दोन्ही डोळ्यांवर एकदम पाणी. दिसायला काहीच नाही हो, पण त्याच्यामागे बरंच लागतं. गच्चीवरच्या टाकीतून स्वतंत्र नळ यावा लागतो, नाहीतर ऐन वेळी दुसऱ्या नळानं पाणी ओढलं की जोर कमी होतो. आणि सांडलेलं पाणी वाहून जायला फरशीखालून मोरी काढावी लागते. खर्च सगळा त्या पायपांत आणि मोरीत.

पहिल्या मसुद्यात बाईंनी भावाची हकीगत लिहिली. नाव न घालता, चारच ओळी. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, हे काढा."

"का?"

"अहो, लोक विचारतील, तेव्हा शाळेनं काय केलं? आणि शाळेनं काय केलं होतं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही." अध्यक्ष स्वतः बांधकामवाले, बोलण्यात आडपडदा नाही. "माणूस भीतीनं पैसे देत नाही. आठवणीनं देतो. बेडूक कापले ते लिहा, काचेची नळी फोडून छडी खाल्ली ते लिहा."

बाईंनी चार ओळी काढल्या आणि बेडूक घातला. मनातून संताप संताप झाला होता, पण प्रयोगशाळा व्हायला हवी होती ना!

मग खजिनदारांनी आपलं घोडं पुढे दामटलं. ते बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे एकेक शब्द तोलून मापून. स्वतंत्र खातं, पावती, करसवलतीचा दाखला, सगळं पत्रात हवं. देणगीच्या बाबीही वेगवेगळ्या द्यायच्या: टेबल, स्टूल, सूक्ष्मदर्शक, फळा, काचसामान, आयवॉश. ज्याला जे परवडेल ते त्यानं उचलायचं, त्या वस्तूवर त्याच्या नावाची पाटी. आणि खाली बारीक टाइपात एक ओळ: एखाद्या बाबीसाठी जमलेली रक्कम अपुरी पडली किंवा उरली, तर ती प्रयोगशाळेच्या इतर कामासाठी वापरण्याचा अधिकार समितीकडे राहील.

"ही ओळ नसली तर पैसे अडकून बसतात," खजिनदार म्हणाले. "देणगीदार म्हणतो, मी फळ्यासाठी दिले, फळ्यातच घाला. मग उरलेल्यांचं करायचं काय? प्रत्येकाला पुन्हा पत्र पाठवून परवानगी मागत बसा."

बाईंना ती ओळ एकदम आवडली. त्यांनी मनातल्या मनात हिशोब मांडला. टेबलांवर पाट्या लागणार म्हणजे टेबलांचे पैसे धो धो येणार, उरणारही. उरलेले आपण आयवॉशकडे वळवू. खजिनदारांचं वाक्य जरा रुक्ष होतं, ते त्यांनी स्वतः घासूनपुसून गोड केलं. समिती "देणगीदारांच्या भावनेचा मान राखून" निर्णय घेईल, असं घातलं. समितीला हे फारच पसंत पडलं.

पत्रं गेली. निम्मी पत्ता सापडला नाही म्हणून परत आली, कारण पत्ते होते जुन्या रजिस्टरातले आणि माणसं केव्हाच पांगलेली. मग प्रत्येक तुकडीचा एक प्रतिनिधी नेमला, फोनवरच्या ग्रुपात पत्र फिरवलं, तेव्हा कुठे गाडी हलली. आणि काय एकेक नमुने! एक विचारतो, आमच्या पुढच्या तुकडीनं किती दिले ते आधी सांगा. दुसरा विचारतो, पाटी पितळी की प्लास्टिकची? तिसऱ्याला आपलं टेबल खिडकीजवळच हवं. परदेशातल्या एका उद्योजकानं कळवलं, तुम्ही जेवढे जमवाल तेवढेच मी घालतो, फक्त प्रयोगशाळेला आईचं नाव द्या. उद्घाटनाला येतो, तिकीट काढलं आहे.

टेबलं संपली. सूक्ष्मदर्शक संपले. फळ्यासाठी तर दोघांत जुंपली. आयवॉशकडे मात्र कुणी फिरकलं नाही. एका जुन्या वर्गमैत्रिणीला बाईंनी स्वतः फोन करून गळ घातली. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, पण त्याला पाटी लावायची कुठं? मोरीला का?" दोघी हसल्या. बाई फोन ठेवून रडल्या.

एक देणगी तेवढी आली. भावाची. घराला लिफ्ट नव्हती म्हणून तळमजल्यावर जागा घेण्यासाठी त्यानं पै पै करून साठवलेले पैसे होते ते. चेकसोबतच्या चिठ्ठीत, दवाखान्यातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं: फक्त आयवॉशसाठी.

"वेडा आहेस का रे तू?" बाई फोनवर ओरडल्या.

"का? पाटी नाही का मिळणार मला?" तो हसत होता. "ताई, मी काही फळा वाचणार नाहीये. मला एकदा त्याच्यावर हात ठेवू दे, बस. पाणी किती जोरात येतं ते बघायचंय."

पण त्याचे पैसे जेमतेम निम्म्या कामाला पुरत होते. बाई आपल्या उरलेल्या पैशांची वाट बघत बसल्या, आणि उरलं काहीच नाही. टेबलांना आधी साधा पृष्ठभाग ठरला होता. देणगीदारांची नावं लागणार म्हटल्यावर अध्यक्षांनी चांगला दगड घ्यायचं ठरवलं. खिडक्यांना पडदे आले. स्टुलांना गाद्या ठरल्या, आणि तिथं पैसे कमी पडले.

फरशी घालायच्या आधीच्या बैठकीत ठेकेदारानं निरोप पाठवला: मोरी काढायची तर आत्ताच सांगा, एकदा फरशी बसली की फोडून करायला दुप्पट पडेल.

"महिनाभर थांबू," बाई म्हणाल्या. "मी पुन्हा पत्र काढते. नुसतं आयवॉशसाठी."

"आणि परदेशातल्या पाहुण्यांच्या तिकिटाचं काय करायचं?" अध्यक्ष वैतागले. "बाई, तुमची कळकळ कळते आम्हाला. पुढच्या वर्षी करू की."

"पण माझ्या भावानं ते पैसे फक्त त्यासाठी दिलेत!"

खजिनदारांनी पत्राची प्रत पुढे सरकवली आणि शेवटच्या ओळीवर पेन ठेवलं. त्यांचा आवाजही चढला नाही. "रक्कम अपुरी पडली, तर. आपणच लिहिलंय, बाई. आणि त्यांच्या भावनेचा मान राखून मुख्य फलकावर त्यांचं नाव घेऊ."

हात वर झाले. बाईंनी केला नाही, पण उठूनही गेल्या नाहीत. भावाचे पैसे स्टुलांच्या गाद्यांत गेले. घरी येऊन त्यांनी दहादा फोन हातात घेतला आणि दहादा खाली ठेवला. पुढे तो विचारायचा, "झालं का गं माझं कारंजं?" आणि बाई म्हणायच्या, "चाललंय काम." काम चाललंच होतं म्हणा.

उद्घाटनाला तो आलाच. नवा शर्ट घालून, दाढी घोटून. भाषणं झाली, फीत कापली, पाहुण्यांनी डोळे पुसले, बेडकाचा किस्सा सांगून सगळ्यांना हसवलं. मग मंडळी चहाकडे वळली, आणि भावानं बहिणीचा दंड धरला.

"चल, दाखव."

बाई त्याला आत घेऊन गेल्या. काय सांगायचं ते रात्रभर घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. त्यांनी त्याचा हात भिंतीवरच्या पितळी फलकावर ठेवला. त्याची बोटं कोरलेल्या अक्षरांवरून सावकाश फिरली.

"हे काय?"

"देणगीदारांचा फलक. ही शेवटची ओळ तुझ्या नावाची."

"बरं. आणि ते कुठंय?"

"नाही झालं रे."

"नाही झालं म्हणजे? व्हायचंय?"

"फरशी बसली. आता नाही होणार." बाई म्हणाल्या. "पैसे कमी पडत होते. समितीनं ते स्टुलांना वापरले. मी सांगून बघितलं, खरंच सांगून बघितलं. पण पत्रात तशी ओळ होती."

बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"माहितीये मला ती ओळ," तो म्हणाला. "आमच्या नर्सबाईंनी पत्र वाचून दाखवलं ना, तेव्हा त्या तिथं थांबल्या होत्या. म्हणाल्या, नीट विचार करा, यांना हवं तसं करायची मोकळीक ठेवलीय यांनी." त्याचा हात अजून फलकावरच होता. "मी म्हटलं, अहो, शब्द माझ्या ताईचे आहेत, मी ओळखतो. तिनं लिहिलंय म्हणजे काळजी नाही."

बाईंनी त्याचा हात घट्ट धरला. "मला वाटलं होतं, त्या ओळीनं उरलेले पैसे तुझ्या कारंज्याकडे येतील. देवाशपथ, म्हणूनच लिहिली होती."

"असेल," तो म्हणाला.

मग त्यानं आपला हात तिच्या हातातून सोडवून घेतला आणि टेबलांच्या कडा चाचपत एकटाच दाराकडे निघाला.