सुट्टीतली मोजणी

ताईने नगरपालिकेचं पत्र धाकट्या भावाच्या ताटाशेजारी आपटलं. "वाच, बाळ्या. तुझंच पुराण आहे."

ताई चौकातल्या शाळेची मुख्याध्यापिका. बाळ्या चाळिशीचा, रस्ते विभागात सर्वेक्षक. शाळेसमोर पादचारी सिग्नल हवा म्हणून तिने अर्ज केला होता. उत्तर आलं होतं: गर्दीचा तास पावणेदहा ते पावणेअकरा. वाहनं बावीसशे, रस्ता ओलांडणारे चाळीस. सिग्नल निकषात बसत नाही. डावीकडे विनाथांबा वळण आणि कडेला रेलिंग होईल. पायी जाणाऱ्यांनी अडीचशे मीटरवरचा पूल वापरावा.

"चाळीस? माझी चारशे पोरं काय भुतं आहेत?"

मोजणी बाळ्यानेच केली होती, दर पंधरा मिनिटांनी नवा कागद, एकही गाडी न चुकवता. शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. तेही त्याने पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, बरं झालं, आज गलका नाही. अहवाल महिनाअखेरीस द्यायचा होता, आणि सुट्टी त्याच आठवड्यात होती.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, फेरमोजणी करू या. शाळा बंद होती."

"अहवाल मंजूर झाला, निविदा निघाली, आणि तुला आता पोरं आठवली?"

त्याने रजा टाकली आणि शाळेच्या दिवशी एकट्यानेच त्याच तासाची मोजणी केली. चारशे बारा. साहेबांनी कागद न उघडताच परत सरकवला. "मंजुरीशिवाय मोजलंस ना? घरी फ्रेम करून लाव."

रेलिंग लागलं, झेब्रा पट्टे खरवडले गेले. सहा महिन्यांनी नियमाप्रमाणे कामानंतरची मोजणी झाली. या वेळी मात्र शाळा भरलेली असताना. ओलांडणारे नऊ, वाहनं चोवीसशे ऐंशी.

साहेब खूश. "बघ, धोकाच संपला! लिही, उपाय यशस्वी. आणि वाहनं वाढलीत, तर रस्ता एका मार्गिकेने रुंद करण्याचा प्रस्ताव जोड."

त्याने लिहिलं आणि खाली सही केली.

संध्याकाळी ताईने विचारलं, "बाकीची गेली कुठे, विचारलं का कुणी?"

"पुलावरून जात असतील."

"त्या पुलाच्या पायऱ्या कोण चढतंय! ज्यांच्या घरी स्कूटर आहे, ते पोरांना मागे बसवून सोडतात. म्हणून तुझी वाहनं वाढली. ज्यांच्याकडे नाही..." तिने हजेरीपट पुढे ठेवला. लाल रेघेखालची, शाळा सोडलेली चौदा नावं, सगळ्या मुली. "रस्ता नको, म्हणाले घरचे. घरीच बस म्हणाले."

बाळ्याने एकेक नाव वाचलं. देवाने त्याला गाड्या मोजायला डोळे दिले होते, आणि त्या दिवशी फाटकावरचं कुलूपही त्याच डोळ्यांना दिसलं होतं.

"ताई, मी आता काय करू?"

"जेव," ती म्हणाली. तिने भाजी वाढली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. "सही तर झालीच आहे ना."